राखी, ‘राजीनामा’ आणि शिक्षा : माझा लघुनिबंध वाचून सांगाल का?

अवंती_इंदूर

नमस्कार मंडळी. इंदूरलाच एम.ए. समाजशास्त्र, दुसरं वर्ष. लघुनिबंधाचा विषय आलाय ‘पुनर्स्थापक न्याय आणि शिक्षा : समाजशास्त्रीय मूल्यमापन’. जमा हिंदीत करायचाय, पण माझा विचार मराठीतच होतो, म्हणून आधी मराठीत लिहून काढला. सोमवारी द्यायचाय. इथे वकील आहेत, मास्तर आहेत, आणि काही मंडळींनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत हेही ठाऊक आहे. ‘छान लिहिलंस’ असं कृपया लिहू नका. कुठे चुकलंय ते सांगा.

निबंध असा :

३० जुलै २०२० रोजी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने एका आरोपीला जामीन दिला. शेजारच्या बाईच्या घरात शिरून तिचा विनयभंग केल्याचा आरोप त्याच्यावर होता. जामिनाची एक अट अशी : ३ ऑगस्टला, राखीपौर्णिमेच्या दिवशी, सकाळी ११ वाजता त्याने बायकोला घेऊन फिर्यादीच्या घरी जावं, राखी आणि मिठाई न्यावी, ‘मला राखी बांध’ अशी विनंती करावी आणि कायम तिचं रक्षण करण्याचं वचन द्यावं. ओवाळणी म्हणून ११,००० रुपये द्यावेत, तिच्या मुलाला कपडे-मिठाईसाठी ५,००० द्यावेत. नऊ महिला वकील सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १८ मार्च २०२१ रोजी ती अट रद्द झाली.

तेव्हा आमच्या घरी जेवताना काका म्हणाले होते, ‘यात वाईट काय? तुरुंगात घालण्यापेक्षा नातं जोडून दिलं.’ अनेकांना हा आदेश भारतीय वळणाचा पुनर्स्थापक न्याय वाटला. तो तसा का नव्हता, हे पाहिलं की शिक्षा आणि पुनर्स्थापना यांच्यातला खरा फरक दिसतो, असं मला वाटतं.

शिक्षेत गुन्हा राज्याविरुद्ध होतो. ज्याचं नुकसान झालं तो साक्षीदार म्हणून येतो, विचारलं तेवढंच बोलतो आणि घरी जातो. नॉर्वेचे निल्स क्रिस्टी यांनी १९७७ मध्ये म्हटलं की भांडण ही भांडणाऱ्यांची मालमत्ता असते आणि ती वकील-न्यायाधीश पळवून नेतात. पुनर्स्थापक न्याय ती परत देऊ पाहतो. आरोपी आधी कबूल करतो, मग ज्याचं नुकसान झालं तो, दोघांच्या घरची माणसं आणि एक मध्यस्थ एकत्र बसतात. काय झालं, कुणाला काय सोसावं लागलं आणि आता काय करायचं, एवढंच बोलतात.

राखीच्या आदेशात यातलं काहीच नाही. जामिनाचा टप्पा, म्हणजे आरोपीने काही कबूल केलेलं नाही. बाईंना कुणी विचारलेलं नाही. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते : पैसे भरपाई म्हणून दिले नाहीत, ओवाळणी म्हणून दिले. भरपाई घेताना घेणारा म्हणतो, ‘तू माझं देणं लागतोस.’ ओवाळणी घेताना देणं उलटं फिरतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी दाखवलं आहे की भेट घेणारा बांधला जातो. ११,००० घेतले की ती बहीण झाली, आणि भावाविरुद्ध कोर्टात उभी राहणारी बहीण आपल्या समाजात कोणत्या नजरेने पाहिली जाते हे सांगायला नको. म्हणजे तिचं भांडण एकदा राज्याने घेतलं आणि मग राखीने घेतलं.

पुनर्स्थापक पद्धतीने गुन्हे कमी होतात का? ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे १९९५ ते २००० दरम्यान कबुली दिलेल्या आरोपींची चिठ्ठ्या टाकावी तशी वाटणी केली गेली, काही कोर्टात, काही बैठकीत. हिंसा केलेल्या तरुणांमध्ये बैठकीला गेलेल्यांचे पुढचे गुन्हे कोर्टात गेलेल्यांपेक्षा दर शंभर जणांमागे वर्षाला ३८ ने कमी झाले. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांमध्ये मात्र किंचित वाढले. दारूच्या प्रकरणांत समोर बसायला प्रत्यक्ष दुखावलेलं कुणी नव्हतंच, हे मला त्याचं कारण वाटतं.

म्हणून माझं मत असं, की पुनर्स्थापक न्यायाची परीक्षा आरोपीच्या पश्चात्तापावर करू नये. दुखावलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणता येत होतं का, आणि म्हटल्यावर तिला काय किंमत मोजावी लागली असती, हे पाहावं.

(संपलं. शेवट घाईत झालाय, माहितीये.)

---

पुणेरी_पाटी

शीर्षकात ‘राजीनामा’ आहे, निबंधात कुठेच नाही. कुणी दिला राजीनामा? न्यायाधीशांनी?

कोर्टकचेरी

@पुणेरी_पाटी, हसलो. अहो, आमच्याकडे मध्य प्रदेशच्या कोर्टांत ‘राजीनामा’ म्हणजे तडजोड. दोन्ही पक्ष राजी, म्हणून राजीनामा. मी वकिलीला लागलो तेव्हा नागपूरची मामी फोनवर म्हणाली, ‘अरे पहिल्याच वर्षी तुझ्या अशिलाने राजीनामा दिला?’

अवंती, शीर्षकात शब्द घेतला आहेस तर निबंधातही यायला हवा. भारतात प्रत्यक्षात जे चालतं ते हेच. साधी मारहाण, शिवीगाळ, चोरीचे काही प्रकार, यात फिर्यादी तडजोड करू शकतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२०, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३५९. त्या यादीत न बसणाऱ्या प्रकरणांतही उच्च न्यायालय तडजोडीवरून खटला रद्द करू शकतं, हे २०१२ च्या ज्ञान सिंग निकालात आलं, पण खून-बलात्कारासारखे गुन्हे त्यातून वगळले. आणि २०१५ मध्ये आपल्याच राज्याच्या मदनलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बलात्कारात तडजोडीचा विचारच होऊ शकत नाही असं सांगितलं.

आता राजीनामा प्रत्यक्षात कसा होतो ते सांगतो. साक्षीची तारीख लागते. फिर्यादी आठ वेळा येऊन परत गेलेला असतो, प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडालेली. कॉरिडॉरमध्ये दोन वकील बोलतात. रक्कम ठरते. फिर्यादी आत जाऊन सांगतो की मी स्वेच्छेने, कुठल्याही दबावाशिवाय तडजोड करतो. ते ‘कुठल्याही दबावाशिवाय’ टाइप केलेलंच असतं. आरोपीने ‘चुकलो’ म्हणायची गरज कुठेच येत नाही. कागदावर कोर्टाचं ओझं कमी झालं, फिर्यादीचं काय झालं हे विचारायला रकानाच नाही.

मकरंद_राजेंद्रनगर

निबंध वाचला. विद्वान नाही, पण माझा अनुभव सांगतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीत एका रात्री सात गाड्यांच्या काचा फुटल्या. माझी गाडी त्यातलीच, मागची काच आणि एक आरसा, बिल साडेनऊ हजार. कॅमेऱ्यात चार मुलं दिसली. तीन कॉलनीतली, सगळी अकरावी-बारावीची. चौथा वॉचमनचा मुलगा.

रविवारी बगीच्यात बैठक झाली. अगदी तुम्ही लिहिलंय तशी, सगळे गोल बसले. पोरांचे आईबाप होते. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, ‘मुलं आहेत, बारावीचं वर्ष आहे, समजून घ्या.’ पोरांनी खाली मान घालून सॉरी म्हटलं, पालकांनी पैसे भरले. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. माझ्या शेजारच्या जोशीकाकूंना पटलं नव्हतं, पण वीस वर्षांचा शेजार, काय बोलणार.

वॉचमनचा मुलगा बैठकीत नव्हता. त्याला आदल्या दिवशीच चौकीत नेलं होतं. कुणी नेलं, कुणी फोन केला, आजवर कुणी सांगत नाही. महिनाभरात वॉचमन काम सोडून गेला. मला माझे पैसे मिळाले. आता सांगा, तो न्याय पुनर्स्थापक की शिक्षा?

अवंती_इंदूर

काका, हे वाचून दहा मिनिटं नुसती बसून राहिले.

दुर्खीमप्रेमी

निबंधात दुर्खीम नाही, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला शोभत नाही. दुर्खीमने १८९३ मध्येच सांगितलं आहे की समाज साधा असतो तेव्हा कायदा दमन करणारा असतो, आणि श्रमविभागणी वाढली की तो पूर्वस्थिती आणणारा होतो. म्हणजे शिक्षा जुनी आणि पुनर्स्थापना आधुनिक. निबंधाची चौकट यातच तयार आहे. मकरंदरावांच्या कॉलनीत आधुनिकता पूर्ण पोचली नाही, एवढंच.

आजोबा_रामबाग

दुर्खीमप्रेमी, अर्धं बरोबर आहे. दुर्खीमचा पूर्वस्थिती आणणारा कायदा म्हणजे करार, मालमत्ता, व्यापार, थोडक्यात दिवाणी बाजू. ज्याने कुणाच्या घरात शिरून चोरी केली तो आधुनिक समाजात दिवाणी कायद्यात सरकतो, असं तो म्हणत नाही. उलट शिक्षेबद्दल त्याचं म्हणणं असं की ती मुख्यतः गुन्हेगारासाठी नसतेच, बाकीच्या प्रामाणिक लोकांसाठी असते. नियम मोडला म्हणून सगळ्यांना राग येतो, तो राग एकत्र व्यक्त झाला की नियम पुन्हा घट्ट होतो. अवंतीला याचा उपयोग वेगळ्या जागी होईल. बंद खोलीत सहा माणसं बसून मिटवतात तेव्हा बाहेरच्या लोकांच्या त्या रागाचं काय होतं? शिक्षेच्या बाजूने सगळ्यांत भक्कम मुद्दा हाच आहे आणि तुझ्या निबंधात तो नाही. त्यामुळे निबंध वकिलाच्या युक्तिवादासारखा वाटतो, मूल्यमापनासारखा नाही.

माझी ओळख द्यायची तर मी परिवीक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर होतो, निवृत्त होऊन काही वर्षं झाली. बालकांच्या प्रकरणांत काम केलं. एक प्रकरण सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कायद्यानेही सांगता येत नाही.

पंधरा वर्षांचा मुलगा. एका बाईंच्या शिलाईच्या दुकानातून मशीनची मोटर काढून नेली, कबाड्याला नऊशेला विकली. नवी घ्यायला त्यांना ३,४०० लागले. लहान गुन्ह्यात बालकावर एफआयआर होत नाही, ठाण्याच्या डायरीत नोंद होते आणि मुलाच्या घरची, शाळेची, संगतीची माहिती असलेला सामाजिक पार्श्वभूमी अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. मंडळ समज देऊन घरी पाठवू शकतं, समुपदेशनाला पाठवू शकतं, समाजसेवा सांगू शकतं, परिवीक्षेवर सोडू शकतं. ‘दोघांना समोरासमोर बसवा’ असं कायद्यात स्पष्ट कुठेच लिहिलेलं नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या तत्त्वांत मुलाला पुन्हा कुटुंबात आणणं आहे, शक्य तिथे न्यायालयीन प्रक्रियेबाहेर काढणं आहे. त्या फटीत आम्ही जे जमेल ते करायचो.

मुलाने पहिल्याच दिवशी कबूल केलं. तरी मी लगेच भेट घडवली नाही. आधी एकटा बाईंच्या दुकानात गेलो आणि विचारलं, बसाल का? म्हणाल्या, नाही, मला त्याचं तोंड बघायचं नाही. मी ‘बरं’ म्हणून परत आलो. मंडळाला कळवलं की त्या तयार नाहीत, समुपदेशनाचं पुढे चालू ठेवू. त्यांच्या ‘नाही’मुळे प्रकरण अडलं नाही, त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. दोन आठवड्यांनी त्यांनीच निरोप पाठवला.

त्यांना पैशांबद्दल बोलायचं नव्हतंच. त्यांचा एकच प्रश्न, ‘माझंच दुकान का?’ रात्री दुकान बंद करताना त्यांना वाटायचं कुणीतरी पाळत ठेवून आहे. मुलाने सांगितलं, कडी सैल होती, बाकी काही नाही. तुम्ही कोण हेही मला माहीत नव्हतं. त्या एका वाक्याने बाई मोकळ्या झाल्या, मी समोर होतो. कोर्टात हा प्रश्न कुणी विचारूच दिला नसता, कारण गुन्हा सिद्ध करायला त्याची गरज नाही.

आता दुसरी बाजू, म्हणजे प्रकरण गोड वाटायला नको. ठरलं की महिन्याला ३०० द्यायचे. पंधरा वर्षांच्या मुलाला कामाला लावून पैसे फेडायला सांगणं मला पटणारं नव्हतं. मग फेडले कुणी? त्याच्या आईने, चार घरची भांडी करून. चार हप्ते आले, मग थांबले. बाई म्हणाल्या, जाऊ दे. कागदावर ‘समझोता पूर्ण’ लिहिलं गेलं. मुलाने चोरी केली आणि भरपाई आईने केली. कबाड्याला काहीच झालं नाही, त्याला कुणी बैठकीला बोलावलंच नव्हतं.

मुलगा पुन्हा मंडळासमोर आला नाही. ते यश मानायचं का? कुटुंब देवासला गेलं. तिथे काय झालं हे इंदूरच्या रजिस्टरात येत नाही. ‘पुन्हा गुन्हा नाही’ असे आकडे वाचताना हे लक्षात ठेव.

पोहेजलेबी

आजोबा, जबरदस्त. भिया, पण आमच्या इंदूरला हे सगळं ऑस्ट्रेलियाहून शिकायची गरज काय? आडा बाजारची गोष्ट विसरलात काय? मालेरावांच्या रथाखाली वासरू आलं, गाय रस्त्यात बसून राहिली. अहिल्यादेवींनी सुनेला विचारलं, आईसमोर तिच्या लेकराला मारणाऱ्याला काय शिक्षा? ती म्हणाली, तसंच मारावं. मग मुलाला रस्त्यात बांधलं, रथावर कुणी बसेना म्हणून स्वतः बसल्या, आणि तीच गाय आडवी आली. दोनदा हटवली, दोनदा परत आली. म्हणून नाव आडा बाजार. घ्या तुमचा पुनर्स्थापक न्याय!

ग्वाल्हेरचा_नाना

गोष्ट सुरेख, पण इतिहास म्हणून देऊ नका. मालेराव १७६७ मध्ये आजारपणात गेले. ही लोककथा आहे.

आजोबा_रामबाग

लोककथा आहे म्हणूनच कामाची आहे. लोक काय लक्षात ठेवतात बघा. राणी शिक्षा करायला निघाली याबद्दल कौतुक, आणि थांबवायचा अधिकार मात्र जिचं वासरू गेलं तिलाच. रस्त्यावरचा दुसरा कुणी ‘जाऊ द्या’ म्हणाला असता तर गोष्ट चालली नसती. शिवाय राणीची शिक्षा द्यायची तयारी खरी नसती, तर गाईच्या आडवं येण्याला काही अर्थच उरला नसता. मकरंदरावांच्या बगीच्यात ‘समजून घ्या’ कोण म्हणालं? ज्यांची गाडी फुटली नव्हती ते गृहस्थ.

मकरंद_राजेंद्रनगर

खरं आहे. त्यांच्याकडे गाडीच नाही.

सुधा_बडोदा

मी वेगळ्या बाजूने बोलते. बडोद्याला एका संस्थेत कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणांत बसते. ‘बैठक’ हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्याकडे येणारी प्रत्येक बाई आधी तीन-चार बैठकांतून गेलेली असते. माहेरची बैठक, सासरची, समाजाच्या पुढाऱ्यांची. प्रत्येकीत नवऱ्याने माफी मागितलेली असते, हातसुद्धा जोडलेले असतात. आणि प्रत्येकीनंतर ती परत गेलेली असते.

अवंती, तुझी ‘नाही म्हणता येत होतं का’ ही कसोटी चांगली आहे, पण अपुरी. आमच्या बायका ‘हो’ म्हणतात, अगदी मनापासून म्हणतात, कारण रात्री झोपायला दुसरं घर नाही. त्यांना कुणी दाबलं म्हणून त्या हो म्हणाल्या असं नाही. कॅनबेऱ्यात मारामारीतला तरुण आणि ज्याला त्याने मारलं तो, बैठक झाली की आपापल्या घरी जातात. आमच्याकडे दोघं एकाच घरी जातात. हा फरक एक ओळीत तरी लिही.

तटस्थ_७२

सुधाताई, पूर्ण आदर ठेवून. मग अशा गुन्ह्यांत ही पद्धत कधीच नको, असं म्हणायचं का? अमेरिकेत ॲरिझोनात मेरी कॉस यांनी २००३ पासून काही वर्षं लैंगिक गुन्ह्यांतल्या पीडितांसाठीच असा कार्यक्रम चालवला होता. ज्यांना कोर्टातली उलटतपासणी नको होती, पण समोरच्याकडून ‘मी हे केलं’ हे ऐकायचं होतं, अशा बायकांनी तो स्वतः निवडला. त्यांना ‘तुमच्या भल्यासाठी नको’ म्हणणं म्हणजे पुन्हा त्यांचं भांडण आपणच घेणं झालं.

सुधा_बडोदा

तिथे त्या बाईला कोर्टाचा रस्ता उघडा होता आणि तो तिने नाकारला. माझ्याकडच्या बाईला तो रस्ता उघडलाच नाही आणि तुम्ही तिला दुसरा दाखवता. तुमचं म्हणणं चूक आहे असं नाही म्हणत. पण माझ्या टेबलावर ते उतरत नाही.

तटस्थ_७२

हे मान्य. तरी माझा प्रश्न मी मागे घेत नाही.

श्रीकांत_पलासिया

माझा एक प्रश्न आहे. दुकान भाड्याने दिलं होतं, भाडेकरूचा अडीच लाखांचा चेक बाउन्स झाला, चार वर्षं तारखा चालू आहेत. ही पुनर्स्थापक न्यायाची योजना चेकच्या केसला लागू होते का? अर्ज कुठे करायचा?

कोर्टकचेरी

श्रीकांतराव, अशी योजना नाही, इथे निबंध चालू आहे. चेकच्या केसमध्ये तडजोड कोणत्याही टप्प्यावर होते. वकिलांना सांगून प्रकरण लोक अदालतीत ठेवून बघा. भाडेकरूने पश्चात्ताप केला नाही तरी चालेल, पैसे दिले की झालं.

तुमच्या प्रश्नाने एक गोष्ट मात्र आठवली. नव्या न्याय संहितेत, १ जुलै २०२४ पासून, ‘समाजसेवा’ ही शिक्षा आली आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेला, ५,००० रुपयांच्या आतली चोरी, माल किंवा त्याची किंमत परत केली तर समाजसेवा. अवंती, हे घाल. सरकारने पुनर्स्थापक न्याय कायद्यात आणला, हे मोठं पाऊल आहे.

आजोबा_रामबाग

वकीलसाहेब, इथे मी अडवणार. माल परत करणं आलं, ते ठीक. पण सोबतच्या नागरिक सुरक्षा संहितेत समाजसेवेची व्याख्या ‘शिक्षेचा प्रकार म्हणून’ करायचं बिनपगारी काम अशी आहे. कोणतं काम, किती दिवस, हे न्यायाधीश ठरवणार. ज्याची चोरी झाली त्याला ‘तुला काय हवं’ असं कुणी विचारणार नाही. बाग झाडली म्हणजे शिलाईवाल्या बाईंच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. तुरुंगापेक्षा बरी शिक्षा आहे, पण शिक्षाच आहे. सौम्य म्हणजे पुनर्स्थापक, हा घोटाळा सगळीकडे होतो. पुनर्स्थापक बैठक कधी कधी आरोपीला तुरुंगापेक्षा जड जाते. पंधरा वर्षांच्या त्या मुलाला मी घाम फुटलेला पाहिला आहे.

कोर्टकचेरी

मान्य. चूक माझी.

पण मग मीही एक अडवतो. निबंधात तुलना ‘शिक्षा’ आणि ‘पुनर्स्थापना’ यांची आहे. आपल्याकडे तुरुंगात असलेल्या दहापैकी सात-आठ जण कच्चे कैदी असतात, २०२२ च्या सरकारी आकड्यांत हे प्रमाण ७५ टक्क्यांच्या वर आहे. त्यांना अजून शिक्षा झालेलीच नाही. मकरंदरावांच्या वॉचमनच्या मुलाला कोणत्या कोर्टाने शिक्षा दिली? कुणीच नाही. चौकीतली रात्र, बापाची गेलेली नोकरी, हीच त्याची शिक्षा. अमेरिकेचे माल्कम फीली यांनी १९७९ मध्ये लहान कोर्टांचा अभ्यास करून म्हटलं होतं की प्रक्रिया हीच शिक्षा आहे. माझ्या रोजच्या कामाचं ते वर्णन आहे. परदेशात बैठकीची तुलना निकालाशी होते. इथे ती तारखांशी करावी लागते. तारखांना कंटाळलेला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो, आणि ती बैठक यशस्वी दिसते.

पोहेजलेबी

वकीलसाहेब आज फॉर्मात आहेत.

दुर्खीमप्रेमी

आजोबांचा प्रश्न अनुत्तरितच राहिला. बाहेरच्या लोकांच्या रागाचं काय? राखीचा आदेश मुळात रद्द झाला तो बाहेरच्या नऊ वकिलांमुळे. फिर्यादी बाई स्वतः गेल्या नव्हत्या. ‘भांडण ज्याचं त्यालाच परत द्या’ म्हणणाऱ्यांनी याचा खुलासा करावा. तेव्हा बाहेरच्यांनी तोंड घातलं हे बरोबरच होतं ना?

आजोबा_रामबाग

आता तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. याचं नीट उत्तर माझ्याकडे नाही. एवढं म्हणेन की त्या नऊ जणींनी भांडण स्वतःकडे घेतलं नाही, ती अट तिच्या दारातून उचलली. निकालातही पुढच्यासाठी सूचना आहे की जामिनाच्या अटीत आरोपी आणि पीडित यांची भेट घडवू नये, कोर्टाने तडजोड सुचवू नये. पण याच नियमाने, उद्या एखाद्या बाईला स्वतःहून भेट हवी असेल तर कोर्टाचा हात तिच्यासाठीही आखडेल. तटस्थांचा प्रश्न तिथे पुन्हा उभा राहतो.

अवंती_इंदूर

सगळ्यांचे आभार मानत बसत नाही, शब्द मोजायचे आहेत. केलेले बदल असे :

कॅनबेरा दोन ओळींवर आणलं. त्यात ‘हे सगळे आधीच कबुली दिलेले होते’ हे ठळक केलं, कारण जो कबूलच करत नाही त्याच्याबद्दल ते आकडे काही सांगत नाहीत.

दुर्खीम आला, पण शिक्षेच्या बाजूने. रागाला जागा लागते हा मुद्दा मी आधी टाळला होता, कारण उत्तर येत नव्हतं. आता उत्तराशिवाय लिहिलाय.

कसोटीत सुधाताईंची दुरुस्ती घेतली. ‘नाही’ म्हणता येत होतं का, एवढ्यावर थांबत नाही. ‘नाही’ म्हटल्यावर ती त्या रात्री कुठे गेली असती, असं लिहिलंय.

आणि मधला मोठा परिच्छेद आता राखीचा नाही, काचांचा आहे. मकरंदकाका, कॉलनीचं नाव नाही, शहराचंही नाही. एकाच रात्री, एकाच काचेसाठी, तिघांना बैठक आणि एकाला चौकी. कोणती पद्धत चांगली याआधी कोणती कुणाच्या वाट्याला येते हे पाहावं लागतं, असं त्यातून मांडलंय. चालेल ना?

मकरंद_राजेंद्रनगर

चालेल. एक दुरुस्ती. काचा सात गाड्यांच्या होत्या, पण वॉचमनचा पोरगा कॅमेऱ्यात फक्त शेवटच्या दोन गाड्यांपाशी दिसतो, आणि त्याच्या हातात दगड नाही. हे तेव्हाही सगळ्यांनी पाहिलं होतं. मीही.

पुणेरी_पाटी

मग बगीच्यात बोलला का नाहीत?

मकरंद_राजेंद्रनगर

माझे साडेनऊ हजार त्याच दिवशी मिळणार होते.

श्रीकांत_पलासिया

लोक अदालत पुढची कधी आहे, कुणाला माहीत आहे का?